मावशीच्या एक लाखाचे आभार

एक लाख सबस्क्रायबर झाले की आभाराचा व्हिडिओ करावाच लागतो. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, पण न करणाऱ्याला लोक शिष्ट म्हणतात आणि करणारा बहुतेक वेळा आभाराच्या नावाखाली स्वतःचीच आरती ओवाळून मोकळा होतो. सोनेरी फुगे, केक, भरून आलेला गळा आणि ‘तुम्ही नसता तर हे शक्यच झालं नसतं’. मावशीच्या व्हिडिओचं लिखाण माझ्याकडं आलं तेव्हा मी असे बरेच व्हिडिओ ओळीनं पाहिले आणि माझ्या लक्षात आलं, की हे वाक्य वरवर नम्र असलं तरी त्यातला सगळा जोर ‘हे’वर आहे. ‘हे’ म्हणजे माझं यश. तुम्ही फक्त त्याला हातभार लावलात.

मावशीचं चॅनल ब्लाऊज शिवायचं. इचलकरंजीत तिनं उभी हयात शिवणकामात काढली, आणि आता घरातल्याच टेबलावर कापड पसरून ती ते शिकवते. साधा चार टक्सचा ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तर लावणं, पायपीन, गळ्याचे प्रकार. फोन धरणं, एडिटिंग आणि वरवरची कामं माझी. एरवी तिला स्क्रिप्ट लागत नाही. हातात खडू आला की तोंड आपोआप सुरू होतं. पण ‘आभार मान’ म्हटलं की तीच बाई शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषण करायला उभं केल्यासारखी ताठ होते आणि ‘माझ्या सर्व प्रेक्षक बंधू-भगिनींनो’ म्हणते. म्हणून लिहायचं ठरलं.

पहिला प्रश्न तारखेचा होता. मावशीला आकडा पूर्ण व्हायच्या क्षणी व्हिडिओ टाकायचा होता. पण चॅनलच्या पानावर सगळ्यांना दिसणारा आकडा यूट्यूब २०१९पासून गोल करून दाखवतं. आत यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे फक्त चॅनल चालवणाऱ्याला दिसणाऱ्या पानांवर, आम्हाला एकेक सबस्क्रायबर दिसत होता आणि बाहेर बायकांना नुसतं ९९.९ हजारांवर अडकलेलं दिसत होतं. शिवाय बंद झालेली आणि खोटी खाती यूट्यूब अधूनमधून काढून टाकतं, त्यामुळं काठावरचा आकडा पुन्हा खाली येऊ शकतो. म्हणून आकडा नीट वर जाऊन स्थिरावेपर्यंत थांबलो. एक लाख झाले की यूट्यूब देतं ते चांदीचं बटनही व्हिडिओत नको, हे त्यातूनच ठरलं. ते आपोआप घरी येत नाही. चॅनल तपासून झालं की स्टुडिओत एक कोड मिळतो, तो टाकून मागवावं लागतं, मग यथावकाश पार्सल येतं.

‘‘त्यावर नाव कुणाचं असतंय?’’ मावशीनं विचारलं.

‘‘चॅनलचं.’’

‘‘मग बायकांना दाखवून काय करू? त्यांचं नाव न्हाई त्यावर.’’

बटनाचा विषय तिथंच संपला, आणि मला स्क्रिप्टची दिशाही मिळाली. कारण यानंतरचा प्रश्न साधाच, पण अवघड होता. आभार नेमके कुणाचे मानायचे?

सबस्क्रायबरांचे, हे सोपं उत्तर. पण स्टुडिओत ‘प्रेक्षक’ या भागात एक पट्टी असते: बघण्याचा किती वेळ सबस्क्राइब केलेल्यांचा आणि किती न केलेल्यांचा. आमच्याकडं न केलेल्यांची बाजू कितीतरी मोठी आहे. शिकवणाऱ्या चॅनलचं असंच असतं. ब्लाऊज शिवताना बाही बसेना की बाई सर्च करते, व्हिडिओ बघते, काम झालं की फोन ठेवते. बटन दाबायची तिला आठवण नसते, गरजही नसते. आणि फोनही पुष्कळदा तिचा नसतो. मुलाच्या मोबाईलवर, नवऱ्याच्या खात्यावर बघणाऱ्या कितीतरी बायका कमेंटच्या भाषेवरून ओळखू येतात. खात्यावर क्रिकेटपटूचा फोटो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ताई माझी छाती ३८ आहे, अस्तर किती आणू’. ज्यांच्यामुळं चॅनल चालतं त्यातल्या बऱ्याच जणी त्या एक लाखात मोजलेल्याच नाहीत. उलट मोजलेल्यांत असे पुष्कळ असणार, ज्यांनी कधीतरी बटन दाबलं आणि नंतर फिरकूनही पाहिलं नाही. ‘माझ्या एक लाख सबस्क्रायबरांचे आभार’ असं म्हटलं की आभाराचं पत्र चुकीच्या पत्त्यावर पडतं.

म्हणून मी आकड्यावरून उठले आणि कमेंटमध्ये जाऊन बसले. स्टुडिओत सगळ्या व्हिडिओंखालच्या कमेंट एका जागी दिसतात, शब्द टाकून शोधता येतात, प्रश्न असलेल्या वेगळ्या काढता येतात. ‘छान’, ‘मस्त ताई’, हात जोडल्याची चिन्हं बाजूला ठेवली. त्या प्रेमाच्या आहेत, पण त्यातून वाक्य तयार होत नाही. मला हव्या होत्या अशा कमेंट, ज्यांच्यामुळं चॅनलमध्ये काहीतरी बदललं. तो बदल कुठल्या व्हिडिओपासून दिसतो, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, एवढीच अट.

अशा तीन जागा सापडल्या.

पहिली मापाची. सुरुवातीला मावशी अंगावरून माप घ्यायला शिकवायची: पूर्ण उंची, छाती, कंबर, खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई. एकीनं लिहिलं, ‘ताई, मी एकटीच असते, माझं माप कोण घेणार? जुन्या ब्लाऊजवरून सांगा.’ मापाचा ब्लाऊज टेलरकडं टाकायची पद्धत आपल्याकडं जुनीच, पण त्यावरून घरी कटिंग कसं करायचं, हे शिकवावं असं मावशीला सुचलं नव्हतं. तो व्हिडिओ केला. ब्लाऊजला हुक लावून टेबलावर सपाट पसरायचा, काखेखाली या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत टेप धरायचा, १८ आले तर छाती ३६. तिचा चौथा भाग ९, त्यात माया, शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, दीड इंच, म्हणजे कापडावर साडेदहावर खूण. आजही चॅनलवर सगळ्यांत जास्त तो व्हिडिओ पाहिला जातो आणि त्यानंतरचं जवळजवळ सगळं शिकवणं मापाच्या ब्लाऊजवरूनच चालतं.

दुसरी कॅमेऱ्याची. फोन मावशीच्या समोर असायचा, त्यामुळं बघणारीला सगळं उलटं दिसायचं. गळा खाली, कंबर वर. एका बाईंनी लिहिलं, ‘तुमच्या मागं उभं राहून बघितल्यासारखं दाखवा की.’ तेव्हापासून फोन मावशीच्या डोक्यावरून, तिच्याच बाजूनं खाली रोखलेला असतो. टेपवरचे आकडे सरळ दिसतात आणि बघणारीला ते हात आपलेच वाटतात.

तिसरी जागा मात्र नाजूक होती. एका व्हिडिओखाली एकीनं विचारलं होतं, की ऑपरेशनमध्ये एका बाजूचा स्तन काढला आहे, ब्लाऊज नीट बसत नाही, काय करावं. मावशीला त्यातलं माहीत नव्हतं आणि अंदाजानं सांगायची तिची तयारी नव्हती. दोन दिवसांत खाली दुसऱ्याच एका बाईचं उत्तर आलं. अस्तराच्या आतल्या बाजूला, त्या भागावर, मऊ होजियरीच्या कापडाचा कप्पा शिवायचा, तोंड काखेच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे आत बसवायचा कप घालता-काढता येतो आणि सरकत नाही. कप्प्याची शिवण त्वचेला लागू नये म्हणून तिची कड अस्तराकडं वळवायची. मग त्या दोघींचं खाली बरंच बोलणं झालं. मावशी त्यात फक्त वाचक होती.

हे व्हिडिओत सांगायलाच हवं होतं, कारण चॅनलवर घडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, आणि ती आम्ही केलेली नव्हती. पण सांगायचं कसं? बाकीच्या दोघींना आम्ही त्यांच्याच कमेंटखाली विचारलं, की तुमचं नाव घेतलं तर चालेल का. दोघी हो म्हणाल्या; एकीनं फक्त पहिलं नाव आणि गाव सांगा, आडनाव नको, असं कळवलं. तिसरीला असं विचारताही येत नव्हतं. खाली उत्तर लिहिलं की ती जुनी कमेंट पुन्हा वर येऊ शकते आणि चार जणांच्या नजरेला पडू शकते. उत्तर देणारीचं तरी नाव घेऊ, असं मावशी म्हणाली. पण तिच्या नावानं शोधलं तर माणूस प्रश्नापर्यंतच पोचतो.

‘‘मग आभार कुणाचे मानायचे? हवेचे?’’

‘‘त्या दोघी ऐकतील तेव्हा त्यांना कळेल, मावशी. बाकीच्यांना कळायची काय गरज?’’

तिला ते पटायला वेळ लागला. शेवटी नाव नाही, गाव नाही, कुठल्या व्हिडिओखाली तेही नाही, आणि कमेंटचा फोटो तर अजिबात नाही, असं ठरलं. ज्यांनी होकार दिला त्यांच्या कमेंटचा फोटोही आम्ही टाकला नाही. मावशीनं त्या वाचून दाखवल्या. फोटोत खात्याचं नाव आणि चेहरा येतो, आणि ते खातं मुलाचं असलं तर भलत्याचाच चेहरा.

सामग्री जमली, तरी माझा पहिला खर्डा बिघडलाच. लाल पेन घेऊन मी एकच काम केलं: प्रत्येक वाक्यात काम करणारा कोण आहे, त्याच्याखाली रेघ ओढली. ‘मी सुरुवात केली’, ‘आम्ही शिकत गेलो’, ‘आपल्या चॅनलनं टप्पा गाठला’. रेघा सगळ्या आमच्याच बाजूला. आभार मानणाऱ्या वाक्यांत प्रेक्षक होते, पण तिथं ते काही करत नव्हते. नुसतं प्रेम देत होते, साथ देत होते. मग वाक्यं उलटी केली. ‘आम्ही मापाच्या ब्लाऊजचा व्हिडिओ केला’ याऐवजी ‘सुनंदाताईंनी विचारलं, माझं माप कोण घेणार’. (नाव इथं बदललं आहे.) कर्ता बदलला की बढाईला वाक्यात जागाच उरत नाही, ती मुद्दाम आवरावी लागत नाही.

दुसरी चाळणी त्याहून सोपी. स्क्रिप्टमधलं वाक्य दुसऱ्या कुणाच्या, समजा मोबाईल दुरुस्तीच्या किंवा शेतीच्या चॅनलवर चालेल का? चालत असेल तर काटायचं. ‘हा प्रवास सोपा नव्हता’ गेलं. ‘आपलं हे कुटुंब’ गेलं. ‘अजून खूप पुढं जायचंय’ हे तर आधी गेलं, कारण ते आभाराच्या वेषातलं मागणं आहे. पुढचं टार्गेट, बेल आयकॉन, शेअर करा, यातलं काहीच या व्हिडिओत नको. एखाद्याला जेवायला बोलवून उठताना वर्गणीची पावती पुढं करावी तसं ते होतं.

उलट्या बाजूचा खड्डाही आहे आणि मावशी त्यात हमखास पडते. ‘माझी काय लायकी, मी चौथी शिकलेली बाई, मला काय येतंय.’ ऐकायला हे गोड लागतं. पण यातही विषय मावशीच राहते, आणि ऐकणारीवर ‘नाही हो ताई, तुम्ही ग्रेट आहात’ म्हणायची जबाबदारी पडते. शिवाय जिनं व्हिडिओ बघून स्वतःचा ब्लाऊज शिवला, तिला आपण सांगतोय की तू एका काही न येणाऱ्या बाईकडून शिकलीस. मावशीला उत्तम येतं. ते व्हिडिओत सांगायची गरज नाही आणि नाकारायचीही नाही.

आकड्याचं काय? तो एकदाच, आणि पहिल्या वाक्यात नाही. आभाराच्या व्हिडिओवर नवखा माणूसही येतो आणि त्याला आपल्या लाखाशी काही देणंघेणं नसतं. बघणारे कुठं गळतात त्याचा आलेख स्टुडिओत असतो आणि पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जण टिकले, तेही वेगळं दिसतं. आभार ऐकवत ठेवलं तर बाई निघून जाणार. म्हणून मध्यावर एक कामाची गोष्ट ठेवली, कमेंटमध्ये सगळ्यांत जास्त वेळा विचारलेली: काखेच्या पुढच्या बाजूला चुण्या का पडतात. कारण पुष्कळदा एकच असतं. पुढचा आणि मागचा भाग एकावर एक ठेवून मुंढा एकदम कापला जातो. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल कोरावा लागतो, तो राहून जातो, आणि ते जादा कापड हात खाली केला की गोळा होतं. बाहीलाही तसाच खोलगट भाग असतो. तो पुढं यायला हवा. डावी-उजवी बाही उलटी लागली, तरी चुण्या त्याच जागी दिसतात. कुठलं चुकलंय ते ओळखायला बाही उसवून नुसता ब्लाऊज घालून बघायचा. चुण्या तशाच राहिल्या तर दोष मुंढ्याचा, गेल्या तर बाहीचा.

लांबी चार मिनिटं धरली. मावशी मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द बोलते, चुण्यांचं दाखवायला एक मिनिट, म्हणजे बोलायला पावणेचारशे शब्द. कागद समोर धरून वाचलं की डोळे ओळीवरून सरकताना दिसतात आणि आवाज बातम्यांचा होतो. म्हणून मी पूर्ण लिहिलं, तिनं दोनदा वाचलं, मग कागद काढून घेतला आणि तिच्या हातात एक ब्लाऊज दिला. हुक लावता लावता बोल म्हटलं. सुई हातात आली तशी भाषणाची मान सैल झाली. सुरुवातीचा भाग असा झाला:

‘‘नमस्कार. आज हुक लावतेय, तोपर्यंत दोन गोष्टी सांगते. तुम्ही आता मापाच्या ब्लाऊजवरून कटिंग शिकताय ना, ते माझ्या डोक्यातलं न्हाई. सुनंदाताईंनी विचारलं होतं, मी एकटी असते, माझं माप कोण घेणार. मला त्याआधी हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण माझ्याकडं गिऱ्हाईक समोर उभं असतंय. आणि हे वरून दिसतंय बघा, टेप सरळ दिसतोय, हे एका ताईंनी सांगितलं म्हणून. त्याआधी तुम्ही सगळ्या मान वाकडी करून बघत होता. तशाही बघितलंत.

‘‘अजून दोघी आहेत. नावं घेणार न्हाई. एकीनं एक अवघड गोष्ट विचारली, मला उत्तर येत नव्हतं. दुसरीनं दिलं, एवढं नीट दिलं की मी वहीत उतरवून घेतलं. त्यानंतर माझ्याकडं तसे ब्लाऊज शिवायला आले आणि मी ते तिच्या पद्धतीनं शिवले. बाई, तू ऐकत असशील तर एवढं कळवायचं होतं, की बसले ते बरोबर.

‘‘चॅनलवर एक लाख लोक झालेत म्हणे. त्यात मुलाच्या फोनवर बघणाऱ्या न्हाईत, क्लासमध्ये एका फोनभोवती दहा जणी बसतात त्या न्हाईत. मी तुमच्याशीपण बोलतेय. आता चुण्यांचं बघूया.’’

‘तशाही बघितलंत’ माझ्या कागदावर नव्हतं. ‘त्यानंतर माझ्याकडं तसे ब्लाऊज शिवायला आले’ हेही नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. शूटिंग चालू असताना पहिल्यांदा कळलं. अख्ख्या व्हिडिओत आभार असा शब्द नाही, हे मला एडिट करताना दिसलं. शेवटी एखादं वाक्य जोडावं का, म्हणून मावशीला विचारलं. ‘‘इतकं बोलले की, आणि काय म्हणू?’’ म्हणाली. नाही जोडलं.

शेवटही तिनंच बदलला. मी समारोप म्हणून चार ओळी लिहिल्या होत्या. तिनं शेवटचा हुक लावला, दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, ‘‘झालं. पुढच्या वेळेला बोटनेक.’’

या व्हिडिओला आमच्या नेहमीच्या व्हिडिओंपेक्षा कमी व्ह्यूज मिळाले. मिळणारच, ब्लाऊज शिवताना अडलेली बाई ‘आभार’ असं सर्च करत नाही. पण कमेंट वेगळ्या आल्या. अभिनंदन करणारे होतेच. त्याहून जास्त जणींनी आपण कशा बघतो ते लिहिलं. एकीनं लिहिलं, सुनेच्या फोनवर, ती कामावरून आली की. एकीनं, दुकानात बसून, आवाज बंद करून. नाव न घेतलेल्या दोघींपैकी कुणी लिहिलं का, ते इथं सांगणार नाही.

मी मावशीला या कमेंट वाचून दाखवत होते, तर ती मधल्याच एकीवर अडली. बाईंनी लिहिलं होतं, तुमचं बघून शिवला, घातला तेव्हा झकास बसला, धुतल्यावर मात्र सगळीकडं गोळा झाला, काय चुकलं?

‘‘थांब, पुढं जाऊ नको,’’ मावशी म्हणाली. ‘‘हिला आधी लिही. कॉटनचं अस्तर आधी भिजवून घेतलेलं नसणार. ते आटतंय, वरचं कापड आटत न्हाई. उसव म्हणावं आणि कडेची माया सोडून परत शिव. आणि विचार, माया ठेवलीय किती?’’